दादाचा रक्तगट एबी, माझा ओ, मग मी दत्तक का?

"मॅडम, पप्पांचा रक्तगट ए, आईचा बी, दादाचा एबी अन् माझा ओ. घरात कोणाशीच जुळत नाही, मार्कही नाही. खरंच मला आणलं तर नाही नं कुठून?"

बारावीची पोरं दरवर्षी हे विचारतात, कोणी रंगावरून, कोणी उंचीवरून, बहुतेक मार्कांवरून. धंतोलीत क्लासला येणारा हा पोरगा निदान पुरावा घेऊन आला होता. मी अशा वेळी "असं नसतं रे" म्हणत नाही, कागद पुढे सरकवते. माझ्या मते भीती तिच्याच मुद्द्यावर सोडवावी, गोड बोलून ती आत जाऊन बसते.

त्यालाच लिहायला लावलं. पप्पांकडे ए सोबत लपलेला ओ, आईकडे बी सोबत लपलेला ओ. मायोसिसमध्ये, म्हणजे या पेशी तयार होताना, जीनच्या जोडीतली एकच प्रत शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत जाते. दादाला ए आणि बी मिळाले, याला दोन्हीकडून ओ. म्हणजे या एका जागी दोघांत एकही प्रत कॉमन नाही, आणि एकसारखे जुळे सोडले तर कुठल्याही सख्ख्या भावंडांत एखाद्या जागी असं व्हायची शक्यता चारात एक असते. वर मायोसिसच्या मेटाफेज १ या टप्प्यात क्रोमोसोमच्या २३ जोड्या आपापल्या मर्जीनं उभ्या राहतात, कोणती प्रत कुठल्या बाजूला जाईल याचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे एकट्या पप्पांकडूनच ८३,८८,६०८ प्रकारचे संच निघू शकतात.

पुढच्या वेळी तो खुशीत आला. "आजीचा गट ओ आहे, म्हणजे पप्पांचा ओ तिचाच. मी आजीवर गेलो, दादा आजोबांवर!"

पोरं नेमकी इथंच अडकतात. मी लाल-निळी पेन्सिल दिली. पप्पांची नऊ नंबरची जोडी काढ, आजीचा लाल, आजोबांचा निळा, दोघांच्या दोन-दोन कॉप्या, म्हणजे क्रोमॅटिड. रक्तगटाचा जीन लांब बाजूच्या टोकाजवळ. आता मेटाफेजच्या आधीच्या पॅकिटीन टप्प्यात एका लाल आणि एका निळ्या क्रोमॅटिडचा तुकडा बदल. त्यानं टोक लाल ठेवून उरलेला निळा रंगवला अन् पेन्सिल तशीच धरून बसला.

"म्हणजे माझ्या एकाच क्रोमोसोमवर आजी-आजोबा दोघंही असू शकतात?"

हो! तो क्षण मी अजून जपून ठेवलाय. त्याला "कोणावर गेलो" याचं एकच उत्तर हवं होतं आणि ते नसतंच, हे त्यानं स्वतः रंगवून पाहिलं.

आईवडिलांनाही बोलावलं. सख्ख्या भावंडांत वारशाचा सरासरी निम्मा भाग सारखा, प्रत्यक्षात साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या मधे, हे सांगितलं. पण मार्क रक्तगटासारखे एका जीनवर ठरत नाहीत, त्यात असंख्य जीन आणि झोप, शिकवणी, घरातलं वातावरण सगळं येतं, तेव्हा "दादाला जमलं मग तुला का नाही" हे वाक्य घरात बंद करा, असंही स्पष्ट सांगितलं.

आणि ही तुकड्यांची अदलाबदल म्हणजेच क्रॉसिंग ओव्हर, पेपरात ते एकाच क्रोमोसोमच्या सिस्टर क्रोमॅटिडमध्ये लिहू नका रे, त्या एकमेकींच्या कॉप्या, त्यांच्यात अदलाबदल झाली तरी नवीन काहीच बनत नाही.