पदबंध म्हणजे नेमके काय, आणि त्याची वृक्षाकृती कशी काढायची?

प्रश्न : सोलापुरात एम. ए. मराठी करतोय. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात वाक्यविन्यासाचं प्रकरण लांबलचक आहे, उदाहरणं सगळी इंग्रजी. ‘पदबंध’ हा शब्द पानोपानी येतो, पण नक्की कशाला म्हणायचं ते कळत नाही. मोजके नियम आणि वृक्षाकृती काढायची रीत मराठी वाक्यावर दाखवाल का?

उत्तर : आधी एक वाक्य घेऊ : ‘मावशीने चाटी गल्लीतून एक सोलापुरी चादर आणली.’

वाक्यात शेजारी शेजारी बसलेले शब्द म्हणजे पदबंध नव्हे. जे शब्द मिळून एकच काम करतात, एकत्र हलतात आणि ज्यांच्या जागी एकच शब्द ठेवता येतो, त्यांचा पदबंध होतो. ‘एक सोलापुरी चादर’ हे तीन शब्द पाहा. त्यांच्या जागी ‘ती’ ठेवता येतं : ‘मावशीने चाटी गल्लीतून ती आणली.’ ‘मावशीने काय आणलं?’ या प्रश्नाला ते तीन शब्द पुरेसं उत्तर आहेत. शिवाय ते तिन्ही उचलून वाक्याच्या आरंभी नेले तरी अर्थ तोच राहतो. आता त्यातला एकटा ‘सोलापुरी’ पुढे न्या : ‘सोलापुरी मावशीने चाटी गल्लीतून एक चादर आणली.’ चादर कुठलीही झाली आणि मावशी सोलापूरची झाली! गठ्ठा फोडल्याची ही खूण. उलट ‘गल्लीतून एक’ हे शब्द लागूनच आहेत, पण ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होत नाहीत, म्हणून तो पदबंध नाही.

या तीन कसोट्या, म्हणजे बदली, प्रश्नोत्तर आणि हालचाल, हातात असल्या की प्रकरण चार ओळींपर्यंत आटवता येतं. या घाटाचे नियम नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली मांडले. तुमच्या पुस्तकात ते S, NP, VP अशा अक्षरांनी असतील, इथे मराठी संक्षेप वापरतो.

```
वा   → नाप क्रिप
क्रिप → (परप) (नाप) क्रि
नाप  → (नि) (वि) ना
परप  → नाप पर
```

वा म्हणजे वाक्य, नाप नामपदबंध, क्रिप क्रियापदबंध, परप परसर्गपदबंध, नि निर्धारक, वि विशेषण, ना नाम, क्रि क्रियापद आणि पर परसर्ग. बाण ‘याचे घटक असे’ एवढंच सांगतो. कंसातलं असलं तर चालतं, नसलं तरी चालतं. मात्र जे वाक्यात नाही त्याची रिकामी फांदी काढायची नाही.

इंग्रजी उदाहरणांवरून नियम उतरवताना पहिली चूक दुसऱ्या ओळीत होते. इंग्रजीत क्रियापद आधी आणि कर्म नंतर, मराठीत क्रियापद शेवटी. चौथ्या ओळीतही तसंच : इंग्रजी ‘फ्रॉम’ नामाच्या आधी येतो, आपला ‘-तून’ नामाच्या मागून. पुस्तकातला क्रम जसाच्या तसा उचलला तर आकृतीतून ‘आणली चादर’ आणि ‘तून गल्ली’ बाहेर पडतं.

काढताना खालून वर जा. वरून सुरुवात केली की जागा अपुरी पडते आणि फांद्या ओढूनताणून बसवाव्या लागतात. वाक्य कागदाच्या तळाशी ऐसपैस लिहा. ‘-तून’ वेगळा तोडा, ‘चाटी गल्ली’ हे विशेषनाम एकच धरा. ‘मावशीने’मधला ‘-ने’ मी नामातच ठेवतो. तो वेगळाही दाखवता येतो, पण एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत हवी. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर त्याची जात लिहा. मग ज्यांची जवळीक सर्वांत घट्ट, त्यांना आधी जोडा : ‘एक’, ‘सोलापुरी’, ‘चादर’ यांचा नाप, ‘चाटी गल्ली’चा नाप, आणि तो ‘-तून’शी जोडून परप. त्यानंतर परप, चादरीचा नाप आणि ‘आणली’ या तिघांचा क्रिप. तो खरा गठ्ठा आहे का? ‘मावशीने काय केलं?’ असं विचारा. ‘चाटी गल्लीतून एक सोलापुरी चादर आणली’ हे सरळ उत्तर येतं, म्हणजे आहे. शेवटी मावशीचा नाप आणि क्रिप मिळून वा.

तीच आकृती कंसांत अशी दिसते :

```
[वा [नाप [ना मावशीने]]
    [क्रिप [परप [नाप [ना चाटी गल्ली]] [पर -तून]]
           [नाप [नि एक] [वि सोलापुरी] [ना चादर]]
           [क्रि आणली]]]
```

उघडणारे कंस १३, बंद होणारेही १३. कागदावरच्या आकृतीत १३ गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या १२ रेषा यायला हव्यात, कारण सर्वांत वरचा वा सोडून प्रत्येक गाठीला नेमका एक जनक असतो. रेषा जास्त भरली तर कुठल्यातरी गाठीला दोन जनक लागले आहेत. कमी भरली तर एखादा शब्द लोंबकळतो आहे. यानंतर वरून खाली येत प्रत्येक जनक आणि त्याची मुलं चार नियमांशी ताडून पाहा. एखादी जोडी कुठल्याच नियमात बसत नसेल तर आकृती चुकली आहे किंवा नियम अपुरे आहेत.

मराठीत सगळ्यात जास्त घोटाळा कर्मणी प्रयोगात होतो. ‘आणली’ हे रूप चादरीमुळे आहे, टॉवेल असता तर ‘आणला’ झालं असतं. तेवढ्यावरून बरेच विद्यार्थी चादरीचा नाप थेट वा-खाली टांगतात, कारण क्रियापद ज्याच्याशी जुळतं तो कर्ता हे इंग्रजी उदाहरणांतून डोक्यात बसलेलं असतं. आपल्याकडे ते पुरत नाही. ‘मावशीने स्वतःची चादर आणली’ म्हटलं की ‘स्वतःची’ म्हणजे मावशीची. कर्ता मावशीच, लिंगवचन कुणाचंही असो. वृक्ष गठ्ठे दाखवतो, क्रियापदाची जुळणी दाखवत नाही.

नियम अपुरे पडतात ते असे. ‘मावशीने लाल चादरी आणि टॉवेल आणले.’ टॉवेलही लाल आहेत का? ‘लाल’ बदलत नाही, म्हणून दोन्ही अर्थ निघतात आणि वृक्षही दोन होतात. त्यासाठी दोन नियम वाढवावे लागतात.

```
नाप → नाप आणि नाप
ना  → ना आणि ना
```

पहिल्या नियमाने ‘लाल चादरी’ हा एक नाप, ‘टॉवेल’ दुसरा, म्हणजे लाल फक्त चादरी. दुसऱ्याने ‘चादरी आणि टॉवेल’ आधी एकत्र येतात आणि ‘लाल’ त्या दोघांवर बसतं. संदिग्ध वाक्य परीक्षेत आलं तर दोन्ही वृक्ष काढून प्रत्येकाखाली त्याचा अर्थ लिहा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. ‘एक सोलापुरी चादर मावशीने चाटी गल्लीतून आणली’ हे अस्सल मराठी वाक्य आहे, पण या नियमांनी ते काढायला गेलात तर चादरीला क्रिपशी जोडणारी रेषा मावशीची रेषा छेदून जाते, आणि वृक्षात रेषा छेदलेल्या चालत नाहीत. अशा वेळी आधी मूळ क्रमाचा वृक्ष काढा आणि चादरीचा नाप कुठून कुठे सरकला ते बाणाने दाखवा.