मराठी पटकथा इंग्रजीत नेताना : म्हणी, मान आणि क्रियापदाची जागा

प्रश्न : माझी मराठी पटकथा एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी इंग्रजीत करतोय. शब्दाला शब्द ठेवला तर वाचताना हसू येतं, सोपं इंग्रजी केलं तर माझी माणसं कुठलीही वाटायला लागतात. म्हणी, वाक्प्रचार आणि बोलण्याची लय कशी टिकवायची?

उत्तर :

पहिल्यांदा स्पर्धेची नियमावली वाचा. काही स्पर्धा मुळात इंग्रजीत लिहिलेल्याच संहिता घेतात, तिथे अनुवाद चालतच नाही. ते पक्कं झाल्यावरच संवादांना हात घाला.

मी मराठी संहिता इंग्रजीत नेण्याचं काम करते. माझा अनुभव असा, की म्हणींची काळजी सगळ्यांना असते, पण सगळ्यात आधी हरवतो तो ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक. मराठी संवादात अर्धं नाट्य क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात असतं. इंग्रजीत ते अक्षर नाही, आणि ते गेलंय हे अनुवाद वाचताना आपल्याला जाणवतही नाही, कारण मूळ वाक्य आपल्या कानात वाजत असतं.

एक प्रसंग घेऊ. सदाशिव थोरला भाऊ, गावी शेती बघतो. दिनू धाकटा, शहरातून जमिनीची वाटणी मागायला आलाय. रात्रीची वेळ, समोर ताट वाढलेलं.

दिनू : दादा, बोलायचं होतं थोडं.
सदाशिव : जेव आधी.
दिनू : जमिनीचं...
सदाशिव : जेवा दिनकरराव.

‘जेव’चं ‘जेवा’ झालं आणि घराचं दार बंद झालं. मराठी प्रेक्षकाला आणखी काही सांगावं लागत नाही. थोरल्याने धाकट्याला मान दिला म्हणजे त्याला पाहुणा केलं. आता हे इंग्रजीत सरळ उतरवलं तर दोन्ही वेळा ‘ईट’ येतं. मग लेखक घाबरून पात्राच्या नावाखाली कंसात ‘थंडपणे’, ‘तुटकपणे’ असं लिहायला लागतो. तसं करू नका. वाचक अशा सूचनांवरून नजर सरकवतो, आणि नटांनाही त्या नको असतात.

मी ते असं करीन :

दिनू : दादा, आय नीड टू टॉक.
सदाशिव : ईट फर्स्ट.
दिनू : अबाउट द लँड...
सदाशिव : प्लीज, दिनकर. ईट.

इथे ‘प्लीज’ आणि पूर्ण नाव मिळून ‘जेवा’चं काम करतात. पण एका अटीवर. या प्रसंगाआधीच्या पानांत सदाशिवने भावाला फक्त ‘दिनू’ म्हटलेलं असलं पाहिजे, आणि एकदाही ‘प्लीज’ म्हटलेलं नसलं पाहिजे. एरवी अनुवाद करताना हा शब्द हातून सहज सुटतो. ‘पाणी आण’चं इंग्रजी उद्धट वाटेल म्हणून आपण ‘प्लीज’ चिकटवतो, आणि मग हवा तिथे तो बोथट झालेला असतो. म्हणून मी अनुवादाला बसण्याआधी एक तक्ता करते : कोण कोणाला काय म्हणतं, आणि ते संबोधन कुठल्या प्रसंगात बदलतं. अख्ख्या पटकथेत असे बदल मोजकेच असतात. तेवढे सापडले की प्रत्येकासाठी इंग्रजीत कुठली खूण वापरायची ते ठरवता येतं, आणि ती खूण इतर ठिकाणी खर्च होऊ द्यायची नाही.

‘दादा’ तसाच ठेवा. पहिल्यांदा सदाशिव दिसतो तिथल्या वर्णनात ‘दिनूचा थोरला भाऊ’ एवढं आलं की वाचकाला दादा म्हणजे कोण हे आपोआप कळतं. वहिनी, आत्या, काका हेही चालतील, पण एकाच पानावर चार नाती आली तर परका वाचक गोंधळतो. प्रसंगात ज्या नात्यावर ताण आहे तेवढं ठेवा, बाकीच्यांना नावाने हाक मारू द्या. तळटीप किंवा शब्दार्थांची यादी मात्र कधीच जोडू नका. पडद्यावर तळटीप नसते, आणि वाचणारा माणूस पडदाच बघत असतो.

आता म्हणींकडे. माझी कसोटी एकच आहे : बोलणाऱ्याला त्यातलं चित्र दिसतंय का? ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हणताना कुणालाही कावळे दिसत नाहीत, तो फक्त भूक लागल्याचं सांगत असतो. त्याचं कावळ्यांसकट भाषांतर केलं तर साधा भुकेला माणूस इंग्रजीत कवी होतो. ‘डोकं खाऊ नको’चंही तेच. असे वाक्प्रचार झिजून गुळगुळीत झालेले आहेत, त्यांना तितकंच साधं, रोजचं इंग्रजी द्या.

म्हण वेगळी. म्हण माणूस निवडून काढतो आणि समोरच्यावर टाकतो. आपल्याच प्रसंगात पुढे वकिलाच्या नोटिशीचा विषय निघतो आणि सदाशिव म्हणतो, ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.’ इथे घोडं दिसतं. घरात दाण्याची तंगी आणि दारात आणखी एक तोंड. हे चित्र परक्या वाचकालाही कळण्यासारखं आहे, फक्त ते समजावून सांगायचा मोह टाळायला हवा. ‘नॉट इनफ फॉर अवर ओन, अँड द इन-लॉज सेंड अ हॉर्स.’ थोडं-घोडंचं यमक गेलं, ते जाऊ द्यावं लागतं. पण वाक्याचे दोन तुकडे राहिले आणि घोडं शेवटी आलं. मूळ म्हणीची ताकद तिथेच आहे, घोडं शेवटी येण्यात. हेच वाक्य ‘द इन-लॉज सेंट अ हॉर्स व्हेन वुई हॅड सो लिटल’ असं केलं तर अर्थ तोच राहतो आणि म्हण मरते.

इंग्रजीतली तयार म्हण बसवणं मला पटत नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडं’साठी इंग्रजीत हत्यारांना दोष देणाऱ्या कारागिराची म्हण आहे, अर्थही जुळतो. पण ती घातली की अंगण गेलं, नाच गेला, आणि तुमची आजी कुठल्यातरी परक्या कारखान्यात जाऊन उभी राहते. ‘कान्ट डान्स, सो द यार्ड इज क्रुकेड’ हे चार पावलांत समजतं आणि आजी आजीच राहते. अर्थात पटकथाभर अशा म्हणी पसरल्या तर सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. ज्या पात्राचा तो स्वभाव आहे त्याच्याकडेच म्हणी ठेवा आणि इतरांच्या साध्या वाक्यात विरघळवून टाका.

लयीचा प्रश्न मुख्यतः क्रियापदाच्या जागेचा आहे. मराठीत ते शेवटी येतं, म्हणजे घाव शेवटी बसतो. सदाशिव अखेर कबूल करतो :

‘विहिरीकडची पट्टी, तुझ्या नावची, गेल्या मिरगाच्या आधी... विकावी लागली.’

प्रेक्षक आणि दिनू दोघंही शेवटच्या दोन शब्दांपर्यंत टांगलेले आहेत. इंग्रजी व्याकरणाच्या सवयीने ‘आय हॅड टू सेल’ने सुरुवात केली की पहिल्याच श्वासात सगळं फुटतं, आणि उरलेलं वाक्य नुसता तपशील होऊन बसतं. शिवाय मूळ वाक्यात ‘मी’ नाही. विकणारा सदाशिवच आहे, पण तो ‘विकली’ म्हणत नाही, ‘विकावी लागली’ म्हणतो. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो म्हणून तुम्ही ‘आय’ घातलात तर जी जबाबदारी तो टाळतोय ती तुम्ही त्याच्या गळ्यात घातली.

म्हणून वाक्य तोडा : ‘द स्ट्रिप बाय द वेल. द वन इन युअर नेम.’ मग कृतीची एक ओळ, तो दिनूच्या ताटात आणखी एक भाकरी वाढतो. मग, ‘इट हॅड टू बी सोल्ड. बिफोर द रेन्स.’ इथे मला पाऊस शेवटी नको आहे, त्यामुळे मी तो उचलून आधी नेईन : ‘लास्ट इयर, बिफोर द रेन्स...’ आणि सर्वांत शेवटी, ‘इट हॅड टू बी सोल्ड.’ अनुवादात ‘मिरगा’चा नुसता ‘पाऊस’ झाला, नक्षत्र गेलं. त्या क्षणी नक्षत्राचं काम नव्हतं, काळ शेतीच्या हिशेबाने मोजला जातो एवढं पुरेसं होतं.

बोलीबद्दल थोडक्यात. वऱ्हाडी किंवा मालवणी पात्राला अमेरिकेच्या दक्षिणेतली किंवा लंडनच्या गल्लीतली इंग्रजी देऊ नका, आणि मोडकं इंग्रजी तर नकोच, कारण तो माणूस स्वतःच्या भाषेत अस्खलित बोलतोय. सुरुवातीलाच एका ओळीत ‘सर्व संवाद मराठीत’ असं स्पष्ट करा. मग फरक वाक्याच्या लांबीतून दाखवा : शहरातला दिनू वाक्य पूर्ण करतो, कारणं देतो, सदाशिव तुकड्यांत बोलतो.

मांडणी इंग्रजी पद्धतीचीच ठेवा : १२ पॉइंट कूरियर, आणि प्रसंगाच्या डोक्यावर `EXT. FARMHOUSE - VERANDAH - NIGHT` अशी ओळ. तिथे ‘ओसरी’ लिहिली तर वाचक पहिल्याच ओळीला अडखळतो. आपल्याकडची दोन रकान्यांची संहिता असेल तर ती तशी पाठवू नका. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशेब इंग्रजी वाचक मनात धरून असतो, त्यामुळे देवनागरीतली पानसंख्या विसरून इंग्रजीत नव्याने मोजा. नाव झाकून वाचन होणार असेल तर पानांच्या वरच्या कडेलाही तुमचं नाव राहिलं नाही ना, ते बघा.

आणि तपासायचं कसं? मूळ प्रसंग मोठ्याने वाचून घड्याळ लावा, मग इंग्रजी तसाच वाचा. इंग्रजी बराच लांबला तर तुम्ही कुठेतरी समजावून सांगायला लागला आहात. ती ओळ शोधा, बहुतेक वेळा ती म्हणीच्या किंवा नात्याच्या आसपास सापडते. त्यानंतर मराठी अजिबात न येणाऱ्या दोघांना भूमिका वाटून द्या आणि वाचून घ्या. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. त्यांना विचारा, यांतला मोठा भाऊ कोण, आणि तो नेमका कुठल्या ओळीला दुरावला? दोघांनीही ‘प्लीज, दिनकर’वर बोट ठेवलं तर तो प्रसंग पाठवायला तयार आहे. त्यांनी जमिनीच्या कबुलीवर बोट ठेवलं, तर मागच्या पानांत कुठे ‘प्लीज’ सांडलंय ते शोधून काढा.