लग्नाच्या जाहिरातीत अजूनही 'गोरी मुलगी हवी' का लिहितात? रंगावरून खरंच स्थळं ठरतात का?

हो, ठरतात. मी आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळात बरीच वर्षं बायोडेटा तपासायचं काम करते त्यामुळे हे रोज समोर येतं.

आधी जाहिरात नीट वाचा. पेपरात जागेचे पैसे लागतात म्हणून लोक 'उच्चशि.', 'निर्व्य.' असं तोडून तोडून लिहितात, पण 'गोरी, सुस्वरूप' मात्र काटत नाहीत. आणि मुलाबद्दल काय असतं, तर उंची, पगार, स्वतःचा फ्लॅट. त्याच्या रंगाचा बहुतेक वेळा उल्लेखच नसतो. म्हणजे मुलगा कमाईवर मोजायचा आणि मुलगी दिसण्यावर, हे त्या तीन ओळींतच ठरून जातं.

यात जातीचा भाग मोठा आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या बंगाली पेपरातल्या अशा जाहिरातींचा अभ्यास केला होता, 2013 मध्ये छापून आला. त्यात दिसलं की जातीबाहेर जावं लागू नये म्हणून माणसं शिक्षणासारख्या गोष्टीतही मोठी तडजोड करायला तयार असतात. आमच्याकडेही तेच आहे. जात आधीच ठरलेली, शिक्षण साधारण सारखं, घरंही सारखीच, मग पंचवीस स्थळांतून पाच काढायची तर मुलाकडचे पहिल्यांदा रंगाची चाळणी लावतात.

त्यामुळे मुलीकडचेही रंग एक पायरी वर चढवून लिहितात. सावळी असेल तर गव्हाळ, गव्हाळ असेल तर निमगोरी, निमगोरी असेल तर सरळ गोरी. मुलाकडच्यांना हे माहीत असतं, मग ते मनातल्या मनात एक पायरी उतरवून वाचतात, आणि जिने खरं 'सावळी' लिहिलं तिचंच नुकसान होतं कारण तिचीही पायरी उतरवली जाते.

एका मुलीचं सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एमकॉम, बँकेत कायम नोकरी, रंगाने सावळी. काकांनी बायोडेटात 'निमगोरी' लिहिलं आणि स्टुडिओत काढलेला उजळ फोटो लावला. स्थळं भराभर आली, पत्रिका आधी जुळवून घेतल्या, मग घरी बघण्याचा कार्यक्रम. दोन दिवसांनी निरोप आला, 'पत्रिका जमत नाही.' अहो, पत्रिका बघूनच तर आला होतात ना! पत्रिका जुळल्यावर घरी येऊन गेलेल्या माणसांनी परत पत्रिकेचं कारण दिलं की आम्ही समजतो, मुलगी प्रत्यक्ष बघून मत बदललंय. असं तिच्याबाबतीत दोन-तीनदा झालं.

एका घराने होकार दिला, पण बैठकीत म्हणाले, 'मुलगी जरा सावळी आहे, आम्ही समजून घेतोय, तर दोन्हीकडचा खर्च तुम्ही बघा, सोनंही जरा वाढवा.' हुंडा शब्द कुणी काढला नाही. पण लग्नासाठी म्हणून असं मागणं 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात बसतं, नाव मानपान द्या नाहीतर हौस. रंगाची भरपाई तोळ्यांत मागतात ती अशी, आणि महिना पगार आणणाऱ्या मुलीच्या बापाकडे मागतात याचा मला फार राग येतो. मुलीने स्वतःच नकार दिला, मला फार बरं वाटलं.

मग तिने बायोडेटा स्वतः लिहिला, वर्ण सावळा, फोटो अंगणात दिवसाउजेडी मोबाइलवर काढलेला. फोन खूपच कमी आले. पण जे आले त्यांनी बघून-समजूनच केले होते, घरी येऊन चेहरा पाडून कुणी गेलं नाही. लग्न जमायला मात्र वेळ लागला, ते लपवत नाही.

फॉर्ममधून रंग काढला तर? 2020 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या भारतीय बायकांच्या ऑनलाइन याचिकेनंतर शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'चं नावही 'ग्लो अँड लव्हली' झालं. आम्हीही नंतर 'वर्ण' हा रकाना काढला. फायदा एवढाच झाला की मुलगी न बघताच बाद व्हायची ते कमी झालं. पण आता फोनवर विचारतात, 'मुलगी रंगाने कशी आहे हो?' आणि फोटोला फिल्टर लावून पाठवणारेही वाढलेत.

तुमच्या घरात कुणाची जाहिरात द्यायची असेल तर 'गोरी' हा शब्द काढायला लावा, त्या जागेत मुलाला स्वयंपाक येतो का, बायकोची बदली झाली तर तो सोबत जाईल का, हे लिहा. आणि मुलीचा बायोडेटा असेल तर रंगाची ओळच नको, दिवसाउजेडीचा साधा फोटो लावा आणि बघायला बोलवायच्या आधी एक व्हिडिओ कॉल करा.