वहीत तुमचं नाव नाही, तुमचा पगार आहे

*ताई, मी बहात्तर वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लालबागला राहते. आमचे हे गिरणीत साचेखात्यात होते, दोन वर्षांपूर्वी गेले. रोज रात्री वहीत चार ओळी लिहायचे. मेलबर्नच्या नातीला मराठी वाचता येतं, पण आजोबांचं अक्षर लागत नाही, म्हणून सगळ्या नातवंडांसाठी वीसेक पानांत सारांश लिहायला घेतलाय. १९८२पाशी अडकलेय. संपात वर्षभर घर माझ्या पगारावर चाललं, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी बांगड्या गहाण टाकल्या, तेही नाही. आणि १९८३च्या फेब्रुवारीपासून पानाच्या कोपऱ्यात ‘रा. पा.’ येतं, म्हणजे रात्रपाळी. मला म्हणायचे, शिवडीच्या गोदामात वॉचमन आहे. गिरणीत परत गेले होते का? आमच्या मजल्यावर संपातून फुटलेल्यांशी लोक बोलत नसत. यांचे साच्यावरचे जोडीदार शेवटपर्यंत परत गेले नाहीत, ते आता गावी असतात. मुलांना काय लिहू? काही पानांचे फोटो पाठवतेय.*
*— एक आजी, लालबाग*

बाई,

तुम्ही पाठवलेली जून १९८१ आणि जून १९८२ ही दोन पानं मी शेजारीशेजारी ठेवून वाचली. तुम्हीही एकदा तशी वाचा. १९८१च्या पानावर पहिल्याच आठवड्यात ‘हिचा पगार झाला’ अशी ओळ आहे आणि खाली आकडा. पुढे ‘माझा पगार’ आणि त्याचा आकडा. १९८२च्या पानावर नुसतं ‘जमा’ आहे. आकडा मात्र आहे, आणि तो आदल्या वर्षीच्या तुमच्या पगारापेक्षा जरासाच जास्त आहे. वार्षिक वेतनवाढ धरली तर जुळतो. जुनी पगाराची स्लिप सापडली तर ताडून बघा.

म्हणजे तुमचा पगार त्यांनी वहीतून वगळलेला नाही. तो कोणाचा, एवढंच लिहिलेलं नाही. आता यावरून ‘यांना लाज वाटत होती’ असं लिहायला हात शिवशिवेल, पण थांबा. दोन पगार घरात येत होते तेव्हा कुठला कोणाचा हे लिहावं लागायचं. एकच यायला लागल्यावर हिशोब लिहिणाऱ्या माणसाला ती गरज उरत नाही. लाज असेल, राग असेल किंवा निव्वळ काटकसर असेल. यातलं काय, हे पुढच्या वह्या थोडंफार सांगतील. पुन्हा दोन पगार सुरू झाल्यावर ‘हिचा पगार’ ही ओळ परत आली का, ते शोधा. आली असेल तर कारण बहुधा साधं हिशोबी आहे. दोन पगार असूनही ती कधीच परत आली नसेल, तर मात्र १९८२मध्ये काहीतरी मोडलं, असं म्हणायला जागा आहे.

कुठल्याही वहीतला अबोला मोजायचा तर आधी तिचा नेहमीचा बोल माहीत असावा लागतो. तुमच्या यजमानांची वही मन मोकळं करायची नाहीच. भाजीचा भाव, पाऊस, कोणाला ताप आला, गावाला किती पाठवले, एवढंच तिच्यात आहे. तुम्ही पाठवलेल्या १९७९च्या पानांतही ‘बरं वाटलं’ किंवा ‘वाईट वाटलं’ असं काही सापडत नाही. अशा माणसाने संपात तुमचे आभार लिहिले नाहीत, हा त्या वर्षीचा अबोला नव्हे. जी ओळ दर महिन्याला यायची ती थांबली, तो खरा अबोला.

बांगड्यांचंही पाहू या. जुलै १९८२मधल्या एका शनिवारच्या तारखेखाली तीन नोंदी आहेत: ‘झवेरी बाजार. पाऊस. परत चालत.’ शनिवारी तुमची शाळा अर्धा दिवस असणार. हाच तो दिवस का, हे तुम्हीच ठरवू शकता. पण गिरणी बंद असलेल्या माणसाचं झवेरी बाजारात दुसरं काय काम असणार? तिथून लालबाग चारपाच किलोमीटर, तेही भर पावसात चालत. बसचे पैसे त्या दिवशीच्या खर्चात नाहीत.

आता ‘रा. पा.’. ही दोन अक्षरं काहीच सिद्ध करत नाहीत, कारण वॉचमनलाही रात्रपाळीच असते. पण तपासता येईल. गिरणीत पाळ्या फिरत. १९८०-८१च्या वह्यांत त्या किती दिवसांनी बदलत होत्या ते सहज दिसेल, ते आधी एका कागदावर मांडा. मग १९८३चे फेब्रुवारी ते जून बघा. ‘रा. पा.’ महिनोन्महिने न बदलता चालू असेल तर पारडं गोदामाकडे झुकतं. जुन्याच चालीने पाळ्या बदलत असतील तर गिरणीकडे.

याहून पक्का पुरावा घरातल्या जुन्या फायलीत मिळेल. प्रॉव्हिडंट फंडाची त्या वर्षांची स्लिप असेल तर १९८३मध्ये वर्गणी भरली गेली का, ते कळेल. ग्रॅच्युइटीचा हिशोब किंवा गिरणीचं सर्व्हिस सर्टिफिकेट असेल तर त्यात नोकरीचा काळ असतो. तुम्ही म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता का? १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांसाठी ती योजना, त्यामुळे त्या वेळी जमवलेल्या कागदांत लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपटाचा उतारा असलं काहीतरी असू शकतं. ते बदली कामगार असतील तर मात्र नोंदी तुटक मिळतील. आणि कागद न मिळणं हा कशाचाच पुरावा नाही. कित्येक गिरण्यांचं दप्तरच राहिलेलं नाही.

नातवंडांना एक गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर ती मुलं ‘संप कधी संपला’ हे शोधत बसतील. १८ जानेवारी १९८२ला, सोमवारी, सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ हवी होती, शिवाय १९४६च्या ज्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन ठरली होती, तो कायदा जायला हवा होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे ‘आज संप मिटला’ ही नोंद वहीत सापडणार नाही, आणि ती त्यांनी दडवलेलीही नाही. सगळे मिळून एका दिवशी परत गेले असं झालं नाही. कोणी आधी गेला, कोणी वर्षाने गेला. हजारोंना गिरणीने परत घेतलंच नाही. जो गेला त्याने आपला दिवस स्वतःच ठरवला आणि त्याचं उत्तर मजल्यावर स्वतःच दिलं, किंवा दिलं नाही. तुमच्या यजमानांनी वहीत काय लिहिलं असतं, आणि ती वही घरात कोणाच्या हाती लागली असती, याचाही विचार करा. वही फळीवर उघडीच असायची ना?

सारांशाची खरी गोम इथेच आहे. वर्षभराच्या नोंदी अर्ध्या पानात बसवताना रिकामे दिवस सगळ्यांत आधी गळतात आणि गोष्ट सलग वाटायला लागते. तुमच्या यजमानांनी छापील डायरी वापरली नाही, साध्या वहीत स्वतः तारखा घातल्या, त्यामुळे कोरं पान असं दिसतच नाही. ४ तारखेखाली थेट १९ येते आणि डोळा पुढे सरकतो. म्हणून १९८१ ते १९८४ या चार वर्षांसाठी दर महिन्याला किती दिवस लिहिलं, हे हजेरीपटासारखं मांडून काढा. पट भरायचा सराव तुम्हाला आयुष्यभराचा आहे. शाईही बघा. ओळीने आठदहा तारखा एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने असतील तर त्या एका बैठकीत मागाहून लिहिलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर थोडा कमी विश्वास ठेवायचा.

मग लिहायचं कसं? मी असं लिहीन:

‘१९८२. संपाच्या आधी आजोबा वहीत दोघांचे पगार वेगवेगळे लिहीत. या वर्षीच्या जूनमध्ये फक्त “जमा” आहे. आकडा आजीच्या पगाराएवढा आहे. जुलैत एका शनिवारी “झवेरी बाजार. पाऊस. परत चालत.” एवढंच आहे. आजीला आठवतं की या वर्षी तिच्या बांगड्या गहाण पडल्या. फेब्रुवारी १९८३पासून पानाच्या कोपऱ्यात “रा. पा.” येतं. आजोबा घरी सांगत की गोदामात वॉचमन आहे. वहीत कामाचं ठिकाण नाही.’

यात त्यांचे शब्द अवतरणात आहेत, तुमची आठवण ‘आजीला आठवतं’ म्हणून वेगळी आहे, आणि जे नाही ते ‘नाही’ म्हणून लिहिलं आहे. फायलीत कागद सापडला तर एक वाक्य वाढेल: ‘प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपवरून दिसतं की...’ एवढंच. ‘आजोबांना नाइलाजाने जावं लागलं’ असं लिहू नका. तो नाइलाज होता की त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय, हे त्यांनी लिहिलेलं नाही, आणि तुम्ही नवऱ्याची बाजू घ्यायला गेलात की वाचणाऱ्याला नेमका तिथेच संशय येतो. मेलबर्नची मुलगी लहान असली तरी तेवढं ओळखेल.

तुमचा राग मला दिसतो, आणि तो रास्त आहे. पण त्यांच्या सारांशात ओळींच्या मधे तो कोंबू नका. शेवटी ‘आजीची पानं’ म्हणून दोनतीन पानं वेगळी जोडा. १९८२मध्ये महिन्याचं रेशन कसं भरलं, गावाला पैसे पाठवणं कधी थांबलं, बांगड्या सुटल्या की बुडाल्या, शाळेत तुम्ही कोणाला काय सांगत होतात, हे सगळं तिथे लिहा. ते त्यांच्या वहीत येणं शक्यच नव्हतं. त्यातलं निम्मं त्यांना माहीतही नसेल.

आणखी एक सांभाळा. वह्यांत मजल्यावरच्या माणसांची नावं आहेत: कोणी उसने घेतले, कोण ‘आत गेला’. ही पानं घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार, आणि त्या माणसांची नातवंडंही आता मोठी झालीत. सारांशात नावं घालू नका, ‘शेजारचे एक’ पुरे. मूळ वह्या तशाच ठेवा, कशावर रेघ मारू नका.

राहिले त्यांचे साच्यावरचे जोडीदार. ‘हे परत गेले होते का’ असं फोनवर त्यांना विचारू नका. खरं असलं तरी ते नाही म्हणतील, तुमच्यासाठी. या दिवाळीत गावी जाऊन भेटा, आणि त्यांचंच १९८३ विचारा. कुठे काम केलं, कोणाबरोबर, मुंबई कधी सोडली. बोलता बोलता तुमच्या यजमानांचं नाव आलं तर ऐकून घ्या. नाही आलं तर दुसऱ्यांदा विचारू नका, आणि सारांशात तो रकाना कोराच ठेवा.

— ताई