जुनं मशीन ठेवावं की काढावं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्हा दोघा भावांची भागीदारी फर्म आहे, जॉबवर्क करतो. २०१४ साली १६ लाखांना घेतलेलं सीएनसी लेथ आहे. गेल्या वर्षी दुरुस्तीवर १ लाख ४० हजार गेले. व्यापारी साडेचार लाख देतोय. तसंच नवं मशीन २४ लाख अधिक जीएसटी. आणखी दोन-तीन वर्षं ओढावं का? (वाळूज)

आधी ते १६ लाख डोक्यातून काढा, ते कधीच वसूल झाले. आणि "दोन-तीन वर्षं" असा एकदम निर्णय घेऊ नका. प्रश्न एकाच वर्षाचा असतो: हे मशीन आणखी एक वर्ष ठेवलं तर खर्च किती?

मशीन आज साडेचार लाखांना जातंय, वर्षभराने चार लाखांना जाईल असं धरू. म्हणजे पन्नास हजार तिथेच गेले. ते साडेचार लाख आज हातात आले असते तर दहा टक्क्यांनी पंचेचाळीस हजार व्याज वाचलं असतं. दुरुस्ती १ लाख ४० हजार. बिघाडामुळे वर्षात २४० तास मशीन बंद राहिलं आणि तासाचा दर ४५० रुपये असेल, तर १ लाख ८ हजार. रिजेक्शनचे साठ हजार. बेरीज चार लाखांच्या थोडी वर जाते.

आता नवं. जीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो, म्हणून २४ लाखच धरा. दहा वर्षांनी त्याचे सहा लाख येतील आणि पैशाचा भाव दहा टक्के असेल, तर वर्षाचा बोजा सुमारे साडेतीन लाख पडतो. त्यात देखभालीचे साठ हजार मिळवा. चार लाख दहा हजार झाले.

दोन्ही आकडे जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे खरा निकाल २४० तासांच्या त्या ओळीवर आहे. हातात दोन शिफ्टचं काम असेल आणि मशीन बंद म्हणजे ऑर्डर परत, असं असेल तरच ते १ लाख ८ हजार खरे. मशीन तसंही आठवड्यातून दोन दिवस रिकामं राहत असेल, तर बंद तासांची किंमत जवळजवळ शून्य होते आणि जुनं मशीन सरळ जिंकतं.

दुसरी तपासणी मशीनवरच करा. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावून टूल टरेट झेड अक्षावर एका दिशेने ०.१ मिमी सरकवा आणि मग तेवढाच उलटा. डायल जितका कमी परत येतो तितका बॅकलॅश. हे तीन जागी करा: चकजवळ, रोजचं काम जिथे होतं तिथे आणि टोकाला. तिन्हीकडे सारखाच, समजा ०.०२ मिमी आला, तर घाबरायचं कारण नाही. फानुक कंट्रोलरमध्ये पॅरामीटर 1851 मध्ये कॉम्पेन्सेशन टाकून तो सांभाळता येतो. पण मध्ये ०.०५ आणि टोकाला ०.०१ आला, तर बॉल स्क्रू रोजच्या कामाच्या जागीच झिजलाय. तिथे कॉम्पेन्सेशन फसतं, कारण पॅरामीटर संपूर्ण स्क्रूला एकच आकडा लावतो. मधला साइज जुळवला की टोकाचा बिघडतो. मग बॉल स्क्रूच बदलायला हवा.

स्पिंडल अर्धा तास पूर्ण वेगाने फिरवून पुढच्या बेअरिंगजवळची उष्णता आणि आवाजही बघा. स्पिंडलचं काम दीड-दोन लाखांचं निघालं, तर वरची बेरीज सहा लाखांकडे जाते आणि मग जुनं ठेवण्यात अर्थ उरत नाही. व्यापारीही मशीन चालवूनच भाव देतो, त्यामुळे मशीन चालू असतानाच विका. बंद पडलेल्या मशीनचा भाव भंगाराच्या वजनाने ठरतो.

कंट्रोलरचे सुटे भाग मिळतात का, हेही विचारून ठेवा. ड्राइव्हचं उत्पादन बंद झालं असेल तर दोन दिवसांचा बिघाड तीन आठवड्यांवर जातो, आणि २४० तासांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

प्रश्न : सीए म्हणतात, ३१ मार्चच्या आत नवं मशीन घ्या, टॅक्स वाचेल. घाई करावी का? (चिकलठाणा)

नुसतं बिल मार्चमधलं असून भागत नाही. मशीन बसून त्या वर्षात कामाला लागलं पाहिजे. पहिल्या पार्टचा तपासणी अहवाल आणि जॉब कार्ड जपून ठेवा.

घसारा १५ टक्के, आणि उत्पादनासाठी नवं मशीन घेतल्यास पहिल्या वर्षी २० टक्के जादा. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दोन्ही निम्मे होतात. जादा घसाऱ्याचा उरलेला अर्धा पुढच्या वर्षी मिळतो. २४ लाखांवर पूर्ण वर्षाचे ८ लाख ४० हजार, मार्चमध्ये घेतल्यास ४ लाख २० हजार. फर्मच्या ३१.२ टक्के दराने १ लाख ३१ हजार कर वाचतो. पण तो "वाचतो" म्हणजे लवकर वाचतो. एप्रिलमध्ये घेतलं तरी घसारा पुढे मिळणारच आहे. फायदा त्या रकमेच्या व्याजाइतका, म्हणजे काही हजारांत. २४ लाखांच्या कर्जाचं एका महिन्याचं व्याजच वीस हजार होतं. लागणारं मशीन असेल तर आणा, मार्चसाठी आणू नका.

खरा घोळ वेगळ्या ठिकाणी होतो. वाळूजच्या मशीनची वहीतली किंमत आता २ लाख २७ हजारांच्या आसपास असेल. ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच घसारा दराच्या गटात, दुसरं काही नसताना ते मार्चमध्ये साडेचार लाखांना विकलं आणि नवं एप्रिलमध्ये घेतलं, तर वरचे २ लाख २३ हजार अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होतात. विक्री आणि खरेदी एकाच वर्षात झाली तर विक्रीची रक्कम नव्याच्या किमतीतून वजा होते, त्या वेळी कर लागत नाही.

जादा घसारा सेकंडहँड मशीनवर मिळत नाही. कंपनीने २२ टक्क्यांचा दर निवडला असेल किंवा मालक स्वतः नव्या कर-व्यवस्थेत असेल, तरीही नाही.

प्रश्न : ऑगस्ट २०२२ मध्ये मोल्डिंग मशीन २० लाखांना घेतलं, ३ लाख ६० हजार जीएसटीचं क्रेडिट घेतलं. जून २०२६ मध्ये सात लाखांना विकायचंय. क्रेडिट परत करावं लागेल का? (जालना)

दोन रकमा काढायच्या आणि जी मोठी ती भरायची. पहिली: क्रेडिटमधून प्रत्येक तिमाहीला, अपुरी तिमाहीही पूर्ण धरून, ५ टक्के वजा. तुमच्या १६ तिमाही होतात, म्हणजे ८० टक्के गेले, उरले ७२ हजार. दुसरी: विक्री किमतीवर १८ टक्के, म्हणजे १ लाख २६ हजार. म्हणून १ लाख २६ हजारच. पाच वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहून हे कमी होणार नाही.

घेणारा नोंदणीकृत असेल तर तो हा कर क्रेडिटमध्ये घेईल, म्हणून सात लाख अधिक कर असंच बोलून घ्या. नोंदणी नसलेल्याला तो स्वतःच्या खिशातून जातो, मग भाव पाडूनच मागतो. डीलर जुनं परत घेत असेल तर नव्याच्या बिलात जुनं परस्पर वजा करू देऊ नका. जुन्याचं विक्री बिल तुमच्या नावाने वेगळं निघालं पाहिजे.

प्रश्न : माझं छोटं वर्कशॉप, आयकराच्या ४४एडी कलमाखाली उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवतो. नवं लेथ घेतलं तर घसाऱ्याचा फायदा? (लातूर)

काहीच नाही. त्या आठ टक्क्यांत घसारा धरलेलाच असतो, वेगळा मागता येत नाही. उलट दरवर्षी तो मिळालाच असं मानून वहीतली किंमत खाली येते, म्हणजे पुढे मशीन विकताना नफा निघू शकतो. तुमचा हिशेब करांचा विचार न करता, फक्त मशीनवरच करा. आणि हिशेबवही ठेवून नियमित विवरणपत्राकडे वळायचा विचार असेल, तर ४४एडी सोडण्याचं नुकसान भरून निघण्याइतकं मोठं मशीन आहे का, हे आधी सीएकडून बघून घ्या. ४४एडी सोडलं की पुढची पाच वर्षं त्यात परत येता येत नाही.