फळ्यावरचं लेक्चर एव्ही१मध्ये: प्रिसेट आणि सीआरएफ किती ठेवायचा?

प्रश्न: खानापूरच्या क्लासमधलं दहावीच्या गणिताचं दीड तासाचं रेकॉर्डिंग आहे, मोबाईलवरचं, १०८०पी, ११ जीबी. प्रिसेट ८, सीआरएफ ४५ला फाईल छोटी होते पण खडूचे आकडे पुसट होतात. प्रिसेट ४ला रात्र जाते. काय ठेवू?

उत्तर: प्रिसेट ६ ठेवा आणि आता त्याला हात लावू नका. प्रिसेट बदलला की त्याच सीआरएफला साईझ आणि दर्जा दोन्ही हलतात, मग तुलनाच होत नाही. तुमचं दुखणं सीआरएफचं आहे. झिजलेल्या करड्या फळ्यावर खडूची बारीक रेघ आणि मागचा रंग यांत फरक थोडा असतो. ४५ला एन्कोडर असा थोडाच फरक आधी टाकून देतो. सरांचा चेहरा चांगला दिसतो म्हणून फसायला होतं. पारख फळ्याच्या कोपऱ्यातल्या घातांकावर करा.

अख्खं लेक्चर चालवू नका. फळा गच्च भरलेला असेल तिथली दोन मिनिटं काढा:

```
ffmpeg -ss 00:40:00 -t 120 -i ganit.mp4 -c:v libsvtav1 -preset 6 -crf 35 -g 300 -pix_fmt yuv420p10le -c:a libopus -b:a 32k -ac 1 test.mkv
```

३०, ३५, ४० असे तीन तुकडे करा आणि पोरं बघतात त्या मोबाईलवरच बघा. आकडे वाचता येतात तो सगळ्यात मोठा सीआरएफ तुमचा. दीड तास म्हणजे अशा ४५ तुकड्यांएवढा. तुकडा ४ एमबीचा आला तर पूर्ण फाईल साधारण १८० एमबी. तुकडा गच्च फळ्याचा असल्यामुळे प्रत्यक्षात बहुधा कमीच भरेल. व्हिडिओ मूळ ८ बिटचा असला तरी १० बिट राहू द्या, भिंतीवरच्या सावलीत पट्टे कमी पडतात. `-g 300` म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर १० सेकंदांनी कीफ्रेम. याहून लांब ठेवलं तर मधेच उडी मारताना मोबाईल अडकतो.

सर हलत नसतानाही साईझ फुगत असेल तर ट्यूबलाईट तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३० फ्रेम आणि १/६० शटरला त्याचे पट्टे फळ्यावरून सरकतात, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी होते आणि बिट त्यातच खर्ची पडतात. व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा, पट्टा सरकताना दिसेल. पुढच्या वेळी २५ फ्रेम, शटर १/५० लावा. झालेल्या रेकॉर्डिंगला `-vf hqdn3d=1.5:1.5:4:4` थोडं सावरतं, पण तिसरा आकडा वाढवलात तर हाताच्या मागे भूत उमटतं.

आणि आऊटपुट एमकेव्हीच ठेवा. वीज मधेच गेली तर साधी एमपी४ उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही झालं तिथपर्यंत चालते. एमपी४ हवीच असेल तर नंतर `-c copy`ने करा, मिनिटभराचं काम.