हॉटस्पॉटवर व्हॅलोरंट: पिंगपेक्षा उड्या बघ

प्रश्न: घरचं वायफाय गेलं तर बॅकअप म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर व्हॅलोरंट खेळण्याइतकं पिंग मिळतं का?

मिळतं, फक्त वायफायऐवजी केबलने जोड. मी पुण्यातून मुंबई सर्व्हरवर खेळतो, फायबरवर पिंग दहा-पंधराच्या आसपास असतं, फोनवर रेंज बरी असेल तर चाळीस-पन्नास, आणि तेवढ्यात गेम आरामात चालतो. डोकं फिरवतात त्या पिंगने मधेच मारलेल्या उड्या. तू ज्या वेळेला खेळतोस त्याच वेळेला, म्हणजे रात्री नऊ-दहाला, आधी फोन वायफाय हॉटस्पॉटनेच जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाक:

```
ping -n 100 8.8.8.8
```

समज शेवटी असं आलं:

```
Minimum = 31ms, Maximum = 212ms, Average = 48ms
```

४८ बघून लगेच रँक्ड लावू नको, वरच्या ओळी बघ. २१२ एकदाच आलं असेल तर सोडून दे, पण दर पाच-सात ओळींनी दीडशे-दोनशे येत असेल किंवा मधेमधे `Request timed out` दिसत असेल तर कोपऱ्यातून डोकावलास की तुला समोरचा दिसायच्या आधीच तू मेलेला असशील.

आता तीच टेस्ट यूएसबी टेदरिंगवर कर (केबल डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगची चालत नाही). उड्या गेल्या तर दोष फोन आणि पीसीमधल्या वायफायचा होता, बिल्डिंगमध्ये पंधरा राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झवर कोंबलेले असतात तिथे हे हमखास होतं. तशाच राहिल्या तर बहुतेक टॉवरवर गर्दी आहे, मग फोन खिडकीत ठेवून बघ नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघ, बाकी इलाज नाही.

अजून एक, फोनचा फोटो बॅकअप आणि विंडोज अपडेट बंद ठेव (विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड करून टाक). मोबाईलवर अपलोडला जागा कमी, एखादा व्हिडिओ वर चढायला लागला की गेमची चिमुकली पॅकेटं त्याच्या मागे रांगेत अडकतात आणि पिंग थेट तीनशेच्या वर. ड्युअल सिम असेल तर दुसऱ्या सिमवर कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो, तेव्हा मॅचपुरतं ते सिम बंदच कर.

मॅच चालू असताना फायबर गेलं तर केबल लावल्यावरसुद्धा गेममधून बाहेर पडशील, कारण आयपी बदलतो, पण परत आत जाता येतं, एखादा राउंड जाईल. आणि एरियाची लाइट गेली म्हणून फायबर बंद पडलं असेल तर इन्व्हर्टर असला तरी रँक्ड लावू नको, त्या वेळी अख्खी सोसायटी मोबाईल डेटावर आलेली असते. तेव्हा डेथमॅच खेळ.